मदत हवी आहे: मुलीचा ताप उतरला, घसा बरा झाला, औषधाचे दहा दिवस पुरे करायचेच का?

म्हापशेकरीण

मुलगी आठ वर्षांची, वजन २१ किलो. रविवारी दुपारी एकदम १०२ ताप, घसा इतका दुखत होता की पेजही गिळेना. एकदा उलटी झाली. सर्दी नाही, खोकला नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी, हात लावला की ओरडायची. मंगळवारी डॉक्टरांकडे नेलं. टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, त्यांनी घशातला स्वॅब घेतला आणि अमॉक्सिसिलिन सिरप सुरू केलं: २५० चं, १० मिली सकाळी, १० मिली रात्री, दहा दिवस.

आज शुक्रवार. ताप बुधवारीच गेला, पोर घरभर उड्या मारतेय. पहिली बाटली संपली. सासूबाई म्हणतात, बऱ्या झालेल्या मुलीला कशाला औषध पाजतेस, पोट बिघडेल. स्वॅबमध्ये स्ट्रेप नावाचा जंतू आलाय असा फोन कालच आला. डॉक्टर म्हणाले की हे अर्धवट सोडलं तर पुढे हृदयाला त्रास होऊ शकतो. घशातून हृदयाला कसा? आणि रविवार ते मंगळवार औषधाविना गेले, त्याने काही बिघडलं असेल का?

धाकट्यालाही (वय तीन) कालपासून नाक गळतंय, खोकला आहे. त्याला याच बाटलीतलं दिलं तर चालेल?

नाईक_डिचोली

अमॉक्सिसिलिन दहा दिवस ही जुनी पद्धत झाली. आमच्याकडे फार्मसीवाला अझिथ्रोमायसिन देतो, तीन दिवसांत काम फत्ते. पण कोर्स सोडू नका हे डॉक्टरांचं बरोबर आहे, नाहीतर जंतू हृदयात जाऊन बसतो. रक्ताची एएसओ टेस्ट आताच करून घ्या, म्हणजे स्ट्रेप आहे का ते कळेल.

बालरोग_फोंडा

ताई, उरलेले दिवस पुरे कराच. मी फोंड्यात लहान मुलांनाच तपासतो. असं अर्धवट राहिलेलं औषध मला नेहमी दिसतं आणि त्याचं कारण बहुतेकदा बाटलीच असते. बाटली ६० मिलीची, तुमच्या मुलीला दिवसाला २० मिली लागतं, म्हणजे ती बरोबर तीन दिवसांत संपते. ताप उतरतो तोही त्याच सुमारास. बाटली रिकामी आणि मूल खेळतंय, म्हटल्यावर दुसरी बाटली आणायला कोण जाणार? दहा दिवसांना २०० मिली लागतं, म्हणजे चार बाटल्या. उरलेल्या आजच आणून ठेवा, पण पाणी घालून तयार एका वेळी एकच करा. उकळून गार केलेलं पाणी, बाटलीवरच्या रेषेपर्यंत.

ताप आणि घसादुखी औषध न देताही चार-पाच दिवसांत जाते, औषधाने ती फार तर एखादा दिवस आधी जाते. म्हणून बरं वाटणं ही औषध थांबवायची खूण नव्हे. टॉन्सिलमधला जंतू पुरता निघून जावा, यासाठी हे दहा दिवस आहेत.

नाईकसाहेब, स्ट्रेपनंतर हृदयाला त्रास होतो तो संधिवाताच्या तापामुळे, आणि त्यात जंतू हृदयात जात नाही. तो घशातच असतो. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. ते प्रथिन आपल्या हृदयाच्या झडपांमधल्या, सांध्यांमधल्या पेशींशी मिळतंजुळतं असतं. काही मुलांत मग हीच प्रतिपिंडं झडपेवर उलटतात. म्हणून हा आजार घसा दुखत असताना येत नाही, दोन-तीन आठवड्यांनी येतो, तोवर घसा कधी दुखला होता हेही घरच्यांना आठवत नाही.

रविवार ते मंगळवारची काळजी सोडा. १९५० च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या एका लष्करी तळावर यावर काम झालं. घसा धरल्यापासून नवव्या दिवशी पेनिसिलिन सुरू केलं तरी संधिवाताचा ताप टाळता येतो, असं तिथे दिसलं. तुम्ही तिसऱ्याच दिवशी सुरू केलंय.

साखळीचा_भाऊ

आमच्या घरचं सांगतो. माझा धाकटा भाऊ नववीत असताना त्याचा गुडघा सुजला. दोन दिवसांत गुडघा बरा, तर घोटा लाल. मग मनगट. मुका मार म्हणून तेल चोळलं. पुढे जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा गोमेकॉ इस्पितळात नेलं. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको केल्यावर कळलं की डावीकडची मायट्रल झडप गळतेय. घसा कधी दुखला होता का असं विचारलं, कोणालाच सांगता येईना. आता दर तीन आठवड्यांनी त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, कमरेत, दुखतं फार. आता तो २३ वर्षांचा आहे. आणखी किती वर्षं घ्यायचं?

बालरोग_फोंडा

भाऊ, झडपेला इजा उरली असेल तर सहसा शेवटच्या झटक्यापासून किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यांतलं जे जास्त ते. काहींना त्याहून जास्त. ते त्याची झडप पाहणाऱ्यांनाच ठरवू द्या. तारीख मात्र चुकवू नका. एकदा संधिवाताचा ताप येऊन गेलेल्याला पुन्हा स्ट्रेप झाला तर तो परतण्याचा धोका मोठा असतो आणि दर वेळी झडप आणखी बिघडते.

नाईक_डिचोली

प्रतिपिंडांचं समजलं. पण अझिथ्रोत काय वाईट? माझ्या पुतण्याला लागू पडलं.

बालरोग_फोंडा

पुतण्याचा घसा बहुधा विषाणूचा असेल, तो काही न देताही बरा झाला असता. मुलांचे दहातले सात घसे तसेच असतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी अझिथ्रो मी लिहितो, पण पाच दिवस आणि वजनाप्रमाणे जास्त डोस. काही स्ट्रेप त्याला दाद देत नाहीत. पेनिसिलिनला दाद न देणारा हा जंतू मात्र मी अजून पाहिलेला नाही.

एएसओ आता करून उपयोग नाही. तो आकडा चढायला आठवडा लागतो, तीन ते सहा आठवड्यांत तो सर्वांत वर असतो. आधी कधी स्ट्रेप होऊन गेला एवढंच तो सांगतो.

मडगाव_६५

माझा एएसओ ४०० आलाय, वय ४४, गुडघे दुखतात. म्हणजे मला पण झडपेचा एको करावा लागेल का?

बालरोग_फोंडा

नुसत्या आकड्यावरून कोणी संधिवाताचा ताप ठरवत नाही. तुमच्या वयात गुडघ्याची कारणं बहुतेक वेगळीच असतात. फिजिशियनला दाखवा, आणि कोणी त्या आकड्यावरून इंजेक्शनं सुरू केली असतील तर दुसऱ्याचं मत घ्या.

ताई, धाकट्याला ही बाटली देऊ नका. नाक गळणं आणि खोकला स्ट्रेपचं लक्षण नव्हे, शिवाय तीन वर्षांखालच्यांत स्ट्रेपचा घसा आणि त्यातून येणारा संधिवाताचा ताप दोन्ही विरळा, आणि तो जेमतेम तीनचा. पण खोकल्याविना ताप आला आणि गिळताना दुखायला लागलं तर, घरातच स्ट्रेप असल्यामुळे, त्याचाही स्वॅब मी घेईन. सगळे डॉक्टर हे करत नाहीत, त्यावर आमच्यातही एकमत नाही.

मोठीवर पुढचा महिनाभर लक्ष असू द्या. एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज, खेळताना धाप, किंवा हातपाय आपोआप वळवळणं, अक्षर अचानक बिघडणं. हे वळवळणं तर कित्येकदा काही महिन्यांनीही येतं. यातलं काहीही दिसलं तर थेट घेऊन जा.

म्हापशेकरीण

तीन बाटल्या आणल्या. सासूबाईंना साखळीच्या भावांचं वाचून दाखवलं, आता त्याच वेळेवर हाक मारतात. एक राहिलंच: काल रात्री ती न खाता झोपली, रात्रीचा डोस चुकला. तो आज भरून काढायचा की दिवस एक वाढवायचा?

बालरोग_फोंडा

दोन डोस एकत्र देऊ नका. चुकलेला डोस शेवटी द्या, म्हणजे अकराव्या दिवशी सकाळी संपेल. जेवणाशी याचा संबंध नाही, उपाशीपोटीही चालतं. झोपायच्या आधी पाजा.