मदत हवी आहे: किराणा दुकानाचं रोजचं स्टॉक रजिस्टर, लाल अलर्ट वेळेवर येतच नाही

फोंड्याचा_पसरो

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ गावात आमचं छोटं दुकान आहे, बाबांनी 25 वर्षं वहीवर चालवलं, आता मी गुगल शीटमध्ये रोजचा साठा लिहायला लागलोय. प्रत्येक वस्तूला एक ओळ, तारखांचे कॉलम आडवे, आणि साठा ठरलेल्या आकड्याखाली गेला की खाना लाल होतो. साखरेला मी 10 किलो ठेवलेलं.

आता गंमत बघा. साखर रोज साधारण 6 किलो जाते. होलसेलवाल्याचा सेल्समन दर मंगळवारी सकाळी येतो आणि माल गुरुवारी टेम्पोने येतो. गेल्या मंगळवारी 14 किलो होती, म्हणजे लाल नाही, म्हणून ऑर्डर दिली नाही. बुधवारी 8 झाली, लाल झाली, पण सेल्समन गेलेला. गुरुवारी दुपारी डबा रिकामा. पुढच्या गुरुवारपर्यंत मी शेजारच्या गावातल्या दुकानातून किरकोळ भावात साखर आणून विकत होतो, बाबा म्हणाले वहीत असं कधी झालं नव्हतं. 😐

अलर्टचा आकडा ठरवायचा कसा? आणि टेम्प्लेटच चुकलंय का? सगळ्या मिळून 400 च्या आसपास वस्तू आहेत.

म्हापशेकर77

अरे कशाला एवढा त्रास, बारकोड स्कॅनर आणि बिलिंग सॉफ्टवेअर घे, बिल फाडलं की स्टॉक आपोआप कमी होतो. माझ्या मेव्हण्याचं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे, तो हेच वापरतो, एकदम मस्त.

फोंड्याचा_पसरो

दादा, आमच्याकडे अर्धा माल सुटा. पाव किलो साखर, नाक्यावरच्या चहावाल्याला वहीवर दोन किलो, त्यावर कुठला बारकोड मारू 😄 आणि आई घरी नेते ते वेगळंच.

एक_शून्य_शून्य

सोप्पं आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस. 6 किलो गुणिले 2 दिवस म्हणजे 12. तू 10 ठेवलेस तिथेच चुकलं, 12 ठेव, वर दोन-चार किलो जास्तीचे.

जुना_हिशेबनीस

वरच्यांचं सूत्र होलसेलवाला फोन केल्याबरोबर माल पाठवतो त्यांच्यासाठी बरोबर आहे. इथे तसं नाही. 12 ठेवले असते तरी मंगळवारी 14 च होते, म्हणजे लाल झालंच नसतं आणि साखर गुरुवारीच संपली असती.

आठवड्यात ऑर्डर द्यायची संधी एकच, मंगळवार. या मंगळवारी दिली नाही तर पुढची संधी 7 दिवसांनी, आणि तेव्हा दिलेला माल यायला आणखी 2 दिवस. म्हणून मंगळवारी विचारायचा प्रश्न "आज कमी आहे का" हा नाही, "पुढच्या मंगळवारनंतरच्या गुरुवारपर्यंत पुरेल का" हा आहे. ते 9 दिवस. 6 गुणिले 9 म्हणजे 54 आणि दोन दिवसांचा जास्तीचा साठा 12, एकूण 66 किलो.

तुझ्या त्या मंगळवारी 14 होते, म्हणजे 52 कमी. पोतं 50 चं. शीट दोन पोती मागेल, पण 2 किलोसाठी दुसरं पोतं कोण घेतो, एक घेतलं असतं तर गुरुवारी पोतं आलं असतं तेव्हा डब्यात अजून 2 किलो असते. त्याच्या पुढच्या मंगळवारी हातात 22 राहिले असते, परत एक पोतं. असंच फिरत राहतं.

टेम्प्लेटचं म्हणशील तर तारखा आडव्या लावू नकोस, महिन्याभरात शीट उजवीकडे धावत जातं आणि सूत्रं लावता येत नाहीत. दोन पानं कर. एक "नोंद", रोज रात्री मोजलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ: A तारीख, B वस्तू, C सकाळी, D आवक, E खराब, F रात्री, G गेला. यातलं हाताने फक्त तारीख, वस्तू, आवक, खराब आणि रात्रीची मोजणी भरायची. सकाळचा साठा त्याच वस्तूच्या मागच्या रात्रीवरून येऊ दे, फक्त पहिल्या दिवशी हाताने टाक.

```
C2: =XLOOKUP(B2,B$1:B1,F$1:F1,0,0,-1)
G2: =C2+D2-E2-F2
```

शेवटचा -1 महत्त्वाचा, त्याने खालून वर शोधतं म्हणजे सगळ्यात ताजी नोंद सापडते. कॉलमचं नाव मुद्दाम "गेला" ठेव, "विक्री" नको. उधारीवर गेली, आईने नेली, काट्यावर थोडी जास्त पडली, सगळं त्यात येतं, आणि परत मागवायच्या हिशेबाला तेच हवं. गल्ल्याशी जुळवायला मात्र हा आकडा वापरू नकोस, भांडणं होतील.

आणि कृपा करून 400 वस्तू रोज मोजू नकोस, चौथ्या दिवशी कंटाळशील. साखर, उकडे तांदूळ, तेल, चहा, कांदे, नारळ अशा ज्या 30-35 वस्तूंवर गिऱ्हाईक परत फिरतं त्या रोज. बाकीच्या सेल्समन यायच्या आदल्या रात्री. प्रत्येक वस्तू एकाच एककात लिही, अर्धं पोतं, 12 पुड्या असं लिहिलंस की बेरीज मेली.

फोंड्याचा_पसरो

दादा देव बरें करूं, हे 9 दिवसांचं डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या पानावर काय?

जुना_हिशेबनीस

"माल" पान, प्रत्येक वस्तूची एकच ओळ. A वस्तू, B एकक, C पोत्याचं वजन, D रोजचा खप, E किती दिवस, F जास्तीचा साठा, G हातात, H ऑर्डर दिलीय पण आली नाही, I किती हवा, J किती पोती.

```
D2: =AVERAGEIFS('नोंद'!G:G,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!A:A,">="&TODAY()-28,'नोंद'!F:F,">0")
G2: =XLOOKUP(A2,'नोंद'!B:B,'नोंद'!F:F,0,0,-1)
I2: =D2*E2+F2
J2: =CEILING(MAX(0,I2-G2-H2),C2)/C2
```

D मधली ती ">0" ची अट काढू नकोस. तुझी साखर संपली त्या दिवसांत "गेला" शून्य दिसतो, तो सरासरीत धरला तर शीट म्हणेल खप कमी झाला, कमी मागवा, आणि परत संपेल. रात्री डबा रिकामा तो दिवस सरासरीतून बाद.

H हाताने भरायचा, माल उतरवला की पुसायचा. बहुतेक लोक इथेच चुकतात, मग तीच ऑर्डर दोनदा जाते.

वाळपयची_सून

आमचं दुकान वाळपईला. आमचा काही माल बेळगावहून येतो, चोर्ला घाटातून. उन्हाळ्यात म्हणाल त्या दिवशी गाडी येते, पण पावसात घाटात कुठे दरड आली नाहीतर ट्रक अडकला की दोन दिवस तरी गाडी नाही. मी E मध्ये काय लिहू? 9 लिहून उपयोग नाही आणि कायम 12 लिहिलं तर उन्हाळ्यात कांदे कुजतात.

जुना_हिशेबनीस

ताई, E ला हात लावू नका, F वाढवा. जून ते सप्टेंबर जास्तीचा साठा चार दिवसांचा, एरवी एक-दोन. कांद्याचं मात्र कठीण आहे, पावसात तो चार दिवस जास्त ठेवला तरी कोंब येतात. कांद्यासाठी मी तरी शीटवर विसंबणार नाही.

एक_शून्य_शून्य

बरोबर आहे तुमचं, मी मधले सात दिवस धरलेच नव्हते. पण मग हा 66 चा आकडा रोज कसा चालेल? बुधवारी उघडलं तरी लाल दिसणार ना?

फोंड्याचा_पसरो

अगदी तेच झालं!! दोन आठवडे चालवलं. मंगळवारी एक पोतं सांगितलं, H मध्ये 50 टाकले, हातातले 14 धरून 64. बुधवारी 58. म्हणजे रोज लालच लाल, निम्मं पान रंगलेलं, बाबा म्हणाले हे काय होळी आहे का. आता मी लालकडे बघायचंच सोडलंय.

आणि दुसरं, परवा तेलापुढचा "हातात" खाना अचानक रिकामा झाला, दुकानात 20 लिटर समोर दिसतंय.

जुना_हिशेबनीस

लालचं माझ्याकडून सांगायचं राहिलं. 66 हा मंगळवारपुरताच आकडा आहे, इतर दिवशी त्याला काही अर्थ नाही. K मध्ये त्या वस्तूच्या सेल्समनचा वार टाक, रविवार 1, मंगळवार 3, आणि रंगाच्या नियमात हे घाल:

```
=AND($J2>0,WEEKDAY(TODAY())=$K2)
```

सोमवारी रात्री मोजायचं, मंगळवारी सकाळी शीट उघडायचं, जेवढं लाल तेवढंच सेल्समनला वाचून दाखवायचं.

तेलाचं: तू दिवसाच्या ओळी सकाळीच तयार करून ठेवतोस का? तारीख आणि वस्तू लिहिलेली, रात्रीचा खाना रिकामा? शीट खालून शोधतं, ती रिकामी ओळ सापडते आणि रिकामं म्हणजे शून्य धरतं.

फोंड्याचा_पसरो

हो! 🙈 35 ओळी सकाळीच कॉपी पेस्ट करून ठेवतो, आणि त्या रात्री तेल मोजायचं राहिलं.

जुना_हिशेबनीस

मग ओळी रात्री मोजतानाच टाक, आणि मोजलं नाही तर ओळच पुसून टाक. खरंच संपलं असेल तर 0 लिही. पुसलेल्या दिवशी माल आला असेल तर तो पुढच्या ओळीत आवक म्हणून धर. फक्त मग त्या ओळीत दोन दिवसांचा खप एकत्र पडतो आणि सरासरी जरा फुगते. आठवड्यातून एकदा मोजायच्या वस्तूंना म्हणूनच D चं सूत्र लावू नकोस, तिथे खप हाताने लिही.

वाळपयची_सून

आणि चवथ? चवथीच्या आधी आठवडाभर नारळ, गूळ, रवा, तांदळाचं पीठ, साखर सगळं दुप्पट तिप्पट जातं. 28 दिवसांच्या सरासरीला चवथ कशी कळणार?

जुना_हिशेबनीस

कळत नाही. आणि उलटा फटका नंतर बसतो, चवथ झाली की चार आठवडे सरासरी फुगलेलीच राहते, शीट गूळ मागव मागव म्हणतं आणि गिऱ्हाईक नाही. मी चवथीच्या दोन आठवडे आधीपासून महिनाभर नंतरपर्यंत D मध्ये सूत्र काढून हाताने आकडा लिहितो, मागच्या वर्षीच्या नोंदी बघून. पहिल्या वर्षी नोंदीच नसतात, तेव्हा होलसेलची जुनी बिलं काढायची.

म्हापशेकर77

एवढं करण्यापेक्षा सॉफ्टवेअर बरं नाही का 😅

फोंड्याचा_पसरो

दादा तुमच्या मेव्हण्याला सांगा एकदा सुटा गूळ विकून दाखव म्हणावं.

बरं, वारावरचा लाल लावला, काल मंगळवारी फक्त सात ओळी लाल आल्या, सेल्समनला वाचून दाखवल्या, पाच मिनिटांत काम. शुक्रवारीच एखादी गोष्ट झपाट्याने संपत आली, घरी लग्न म्हणून कोणी 15 किलो साखर एकदम उचलली, तर ते मात्र आता शीटमध्ये दिसत नाही. त्याला वेगळा रंग लावायचा तर पुढचा टेम्पो किती दिवसांनी आहे हे रोज बदलणार, ते सूत्र कोणी केलंय का? बाबांना मोबाईल नको, त्यांच्यासाठी 35 ओळींचा कागद छापून काट्याजवळ लावलाय, ते रात्री पेन्सिलीने भरतात आणि मी शीटमध्ये चढवतो. काल त्यांनी साखरेपुढे "भरपूर" असं लिहिलेलं.