घरात ठेवून घेतलेल्या बहिणीसाठी डॉक्टर आणला नाही, हा मनुष्यवध?

वैदेही: एलएलबीला इंग्लंडचा स्टोन आणि डॉबिन्सन खटला (1977) वाचला. 67 वर्षांचा स्टोन, नजर जवळजवळ गेलेली, कानानं कमी ऐकू येणारा, बुद्धीनं मंद. त्याच्याबरोबर राहणारी डॉबिन्सन, तीही अशीच जेमतेम. 1972 मध्ये त्याची बहीण राहायला आली. वजन वाढेल या भीतीनं ती जेवेना, खोलीतून बाहेर पडेना. ऑगस्ट 1975 मध्ये अंथरुणातच गेली, अंगावर जखमा झालेल्या. दोघांनाही सदोष मनुष्यवधाची शिक्षा. हा न्याय वाटतो का तुम्हाला?

नाना सातारकर: अजिबात नाही. डॉबिन्सननं शेजारणीला घेऊन तिला धुतलं-पुसलं, खायला नेऊन दिलं. त्यातूनच कोर्टानं काढलं की, हिनं जबाबदारी घेतली होती. मग जिनं खोलीचं दारही उघडलं नसतं ती सुटली असती का? आणि मदतीला आलेली शेजारीण कशी मोकळी? उद्या कोण कुणाच्या आजारपणात हात घालेल?

ॲड. शिंदे: नाना, अपील कोर्टानं एकट्या अंघोळीवर बोट ठेवलं नाही. ती स्टोनची सख्खी बहीण, राहायची त्याच्याच घरात, आणि दोघांनी थोडंफार केलंही होतं. हे सगळं एकत्र धरून ज्यूरीला तसा निष्कर्ष काढता येतो, एवढंच म्हटलं. शेजारीण एकदा आली आणि वर सांगून गेली की, सरकारी मदत बोलवा. जबाबदारी घेतली म्हणजे बरं करायलाच हवं असं नाही. आपल्याला झेपत नसेल तर झेपेल त्याला कळवायचं. वसंत ऋतूत डॉक्टर शोधायला दोघं पायी निघाले होते, पण चुकीच्या गावी गेले. तिथवर मलाही कीव येते. पण स्टोनच्या मतिमंद मुलासाठी सामाजिक कार्यकर्ता घरी यायचा. त्याच्याजवळ बहिणीचा शब्दही काढला नाही! तो तर समोर बसलेला होता.

मंदार: भारतात हे होऊच शकत नाही. काहीतरी केलं तर गुन्हा. नुसतं न करण्याला शिक्षा फक्त ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात आहे, कलम 24, तीन महिने.

ॲड. शिंदे: अर्धंच बरोबर. कलम 24 सांभाळ करणाऱ्यानं म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठेतरी सोडून जाण्याबद्दल आहे. घरातच ठेवून औषधपाणी न केलं तर ते लावणं अवघड. पण जुन्या दंडसंहितेच्या कलम 32 पासून ‘कृती’मध्ये बेकायदेशीर अकृती धरली जाते, नव्या न्याय संहितेतही तेच आहे. लुधियानाच्या ओमप्रकाशनं बायकोला उपाशी ठेवून मरणाच्या दारात नेलं. तिला कोंडून ठेवायचे. एक दिवस संधी साधून ती निसटली आणि दवाखान्यात पोचली. सुप्रीम कोर्टानं 1961 मध्ये त्याची खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा कायम केली.

अडतं ते ‘बेकायदेशीर’ या शब्दावर. रस्त्यावरच्या भुकेल्याला वाटसरूनं अन्न दिलं नाही तर तो निर्दय, पण गुन्हेगार नाही. आईबाप, तुरुंगाधिकारी, पगारी नर्स यांच्यावर काळजी घेण्याचं बंधन आहे, यात प्रश्नच येत नाही. भाच्यापुतण्यांचं काय? 2007 च्या कायद्यात एक मजा आहे: मूलबाळ नसलेल्या म्हातारीची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसानं ज्याला मिळणार आहे, त्यानं तिला पोसायचं. म्हणजे वाड्यावर डोळा असेल तर बोजाही आलाच. त्यावरून फौजदारी जबाबदारीपर्यंत जाता येईल, असं माझं मत. समोरचा वकील कडाडून विरोध करेल.

सुमनताई: माझ्या सासूबाई 84 च्या. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की कडाकडा भांडतात. डोकं अगदी ठणठणीत, दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ. उद्या काही झालं तर मला धरणार का?

ॲड. शिंदे: ताई, शुद्धीत असलेल्या माणसाला उपचार नाकारता येतात. तुम्ही ओढत न्यायला नको. डॉक्टरांना घरी बोलवा, सासूबाईंचा नकार कागदावर लिहून घ्या, दिरांनाही कळवा. भान जाऊ लागलं, माणसं ओळखेनात, की मग कालचा नकार आज पुरेसा धरू नका.

नाना सातारकर: आणि नेमकं ‘भान गेलं’ हे ठरवायचं कुणी? आंधळ्या-बहिऱ्या स्टोननं? स्वतःचंच भान अपुरं असलेल्याला शहाण्याचं माप लावलंत. कोर्टानं त्यांना बेफिकीर ठरवलं, पण बेफिकिरी म्हणायला आधी धोका कळावा लागतो.

ॲड. शिंदे: त्या मुद्द्यावर नाना, मी तुमच्या जवळ आहे. अपिलात स्टोनची तीन वर्षं बारा महिन्यांवर आली, डॉबिन्सनची शिक्षा तर निलंबितच होती. शिक्षा कमी केली, दोष तसाच ठेवला. मला तो निकाल कर्तव्याबाबत पटतो, बेफिकिरीबाबत नाही.

मंदार: आणि डॉक्टर आला असता तर ती वाचली असती, हे सिद्ध कोण करणार?

ॲड. शिंदे: सरकार पक्ष. आपल्याकडे अशा केसेस बहुतेक तिथेच ढासळतात. शवविच्छेदनात जखमा किती जुन्या हे नीट लिहिलेलं नसलं, तर उशीर नेमका किती झाला हेच सांगता येत नाही.