१९१७ च्या रशियाबद्दल लिहिताना ‘दुष्काळ’ म्हणावं का?

मेधा: अकरावीच्या मुलांसाठी रशियन क्रांतीवर टिपण लिहितेय. त्यातलं एक वाक्य असं आहे : ‘महायुद्ध आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या जनतेने १९१७ साली झारची सत्ता उलथवून टाकली.’ सोबत शिकवणाऱ्या एका बाईंनी ‘दुष्काळ’ खोडून ‘टंचाई’ केलं. मला टंचाई फार मिळमिळीत वाटतं. टंचाई झाली म्हणून कुणी राजा घालवतं का?

वाचनवेडा: दुष्काळच बरोबर आहे. व्होल्गाकाठच्या हाडं निघालेल्या मुलांचे फोटो पाहा. लाखो माणसं मेली. त्याला टंचाई म्हणणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय.

अप्पा: ते फोटो खरे आहेत, पण १९२१-२२ चे. तोवर झार जाऊन चार वर्षं झाली होती, मध्ये यादवी युद्ध झालं, शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य उचललं गेलं आणि वर पाऊसही दगा देऊन गेला. तिथे दुष्काळ हाच शब्द हवा. १९१७ च्या फेब्रुवारीत मात्र देशात धान्य होतं. युद्धाआधी रशिया काळ्या समुद्रातून जगभर गहू पाठवत असे. १९१४ मध्ये तुर्कस्तान युद्धात उतरलं, दार्दानेल्सची वाट बंद झाली आणि तो गहू देशातच राहिला. मेधाताई, तुमच्या सहकारी बाईंचं बरोबर आहे.

वाचनवेडा: धान्य होतं तर राजधानीतल्या बायका पावासाठी रस्त्यावर का आल्या?

अप्पा: नकाशा काढून बघा. धान्य पिकायचं दक्षिणेला, व्होल्गाकाठी आणि सायबेरियात. पेट्रोग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, पार वायव्येच्या टोकाला, आणि तोंडं वीस लाखांहून जास्त. सगळं रेल्वेने आणायचं आणि रेल्वे गुंतलेली आघाडीवर. त्यात कोळशाची भानगड. शांततेच्या काळात या शहराला इंग्लंडचा कोळसा बोटीने यायचा. जर्मनांमुळे बाल्टिक बंद झाला, तेव्हा कोळसाही दक्षिणेतल्या दोनेत्स खोऱ्यातून त्याच रुळांवरून आणावा लागला. १९१७ च्या सुरुवातीला थंडी भयंकर पडली, बर्फाने मार्ग अडले, इंजिनं बंद पडली. पीठ पोचलं तरी कुठे भट्टीला जळण नाही, कुठे भटारी सैन्यात गेलेला.

बार्शीकर: आमच्या वडिलांच्या वेळी सरकार ज्वारीची लेव्ही घ्यायचं. भाव बाजारापेक्षा कमी. मग लोक थोडी ज्वारी पेवात ठेवायचे आणि नाही म्हणून सांगायचे. तिकडच्या शेतकऱ्यांनीही तसंच केलं असेल. मग दोष रेल्वेचा कसा? आणि मला एक कळत नाही, रेशन सुरू केल्यामुळे क्रांती झाली का?

अप्पा: पहिलं बरोबर ताडलंत. सरकारने धान्याचे भाव बांधून दिले होते आणि शेतकरी माल सोडत नव्हता. पण तिकडे आणखी एक गोष्ट होती. कारखाने तोफगोळ्यांना जुंपलेले, त्यामुळे खिळे, कापड, नांगराचे फाळ, रॉकेल यांतलं काही बाजारात धड मिळेना. नोटा छापून छापून रूबल घसरलेला. गहू विकून हातात येणार कागद, आणि त्या कागदाने घ्यायचं काय? त्यापेक्षा जनावरांना घातलेला बरा. म्हणून मी एकट्या रेल्वेला दोष देत नाही. रेशनचं म्हणाल तर ते पेट्रोग्राडात लागू व्हायच्या आधीच, नुसत्या बातमीने लोक दुकानांवर तुटून पडले.

नेवाकाठची: मी मेडिकल त्याच शहरात केलं, म्हणून थोडी भर घालते. त्या काळी तिथे रांगेला ‘शेपटी’ म्हणत. कारखान्यात पाळी करून आलेल्या बायका पहाटेच्या अंधारात, गोठवणाऱ्या थंडीत त्या शेपटीत उभ्या राहायच्या आणि दार उघडल्यावर ऐकायच्या, पाव संपला. २३ फेब्रुवारीला, आपल्या कॅलेंडरने ८ मार्चला, महिला दिनीच व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या आणि शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुषांनाही त्यांनी बाहेर काढलं. पोलिसांनी पूल अडवले तेव्हा लोक गोठलेल्या नेवा नदीवरून चालत शहराच्या मध्यात आले. हिवाळ्यात ती नदी पाहिली की हे लगेच पटतं. मेधा, तुझ्या ‘जनते’त या बायका स्पष्ट दिसू देत.

मेधा: नक्की. पण मग ‘टंचाई’ने राजा गेला हे कसं पटवून देऊ?

अप्पा: टंचाईने लोक रस्त्यावर आले. राजा जाणार हे ठरलं ते पुढच्या चार दिवसांत, आणि ते चार दिवस मुलांना नीट सांगा. लष्करी अधिकारी जनरल खाबालोव याने २४ तारखेला जाहीर केलं की दुकानांत पाव पुरेसा आहे, लोक घाबरून जास्त घेतात आणि वाळवून ठेवतात, म्हणून काहींना मिळत नाही. रांगेतल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल! झार होता दूर मोगिल्योवला, सैन्याच्या मुख्यालयात. १९१५ मध्ये त्याने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं होतं, त्यामुळे प्रत्येक पराभवाचं खापर थेट त्याच्या माथी. २५ ला त्याची तार आली, राजधानीतला गोंधळ उद्याच थांबवा. २६ ला सैन्याने गर्दीवर गोळ्या झाडल्या. त्यात व्होलिन्स्की रेजिमेंटची तुकडीही होती. त्या रात्री त्या शिपायांनी ठरवलं की पुन्हा लोकांवर गोळी चालवायची नाही. २७ च्या सकाळी त्यांनी आपल्या अधिकाऱ्याला मारलं आणि शेजारच्या बराकींतल्या पलटणींना घेऊन बाहेर पडले. यांतले बरेच नवे भरती झालेले, काही जखमेतून उठलेले, आज ना उद्या आघाडीवर जाणारे. बंदूक फिरली आणि मामला तिथेच संपला. म्हणून तुमच्या वाक्यातलं ‘उलथवून टाकली’ही मला खटकतं.

वाचनवेडा: १९२१ चं मान्य. पण मग ‘उलथवून टाकली’ चुकीचं कसं? लोकांनी आणि शिपायांनीच केलं ना?

अप्पा: मी ‘कोसळली’ म्हणेन. झार राजधानीकडे निघाला, पण पुढचा मार्ग बंडखोरांच्या हातात असल्याचं कळल्यावर गाडी वळवावी लागली आणि तो प्स्कोवला अडकला. त्यांच्या जुन्या कॅलेंडरच्या २ मार्चला जनरल अलेक्सेयेवने मोगिल्योवहून आघाड्यांच्या सेनापतींची मतं तारेने मागवली. सगळ्यांचं म्हणणं एकच, पायउतार व्हा. त्याने भाऊ मिखाइलला गादी दिली, तर दुसऱ्या दिवशी त्यानेही नाकारली. तीनशे वर्षांचं घराणं, आणि वाचवायला एकही सेनापती पुढे आला नाही. ज्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही, ते उलथवायला कितीसा जोर लागतो?

नेवाकाठची: अप्पा, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. सेनापतींनी हात काढून घेतला तो २ मार्चला. २३ पासून २७ पर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांनी सत्ता उलथवलीच. ‘कोसळली’ म्हटलं की भिंत आपोआप पडल्यासारखं वाटतं.

अप्पा: पण १९०५ मध्येही लोक रस्त्यावर होते, गोळ्या खाल्ल्या, देशभर संप केला. तेव्हा सैन्य एकूण झारमागे राहिलं आणि तो तरला. फरक पडला तो सैन्यात.

मेधा: सध्या असं लिहिते : ‘लांबलेलं युद्ध, राजधानीतली पावाची टंचाई आणि गोळी चालवायला नकार देणारे शिपाई, यांमुळे फेब्रुवारी १९१७ मध्ये आठवड्याभरात झारची सत्ता गेली.’ ‘उलथवली’ आणि ‘कोसळली’ दोन्ही टाळलंय.

नेवाकाठची: आणि गिरणीतल्या बायका कुठे गेल्या?

बार्शीकर: आठवड्याभरात नाही, २३ ते २ मोजा. त्यांचा फेब्रुवारी २८ दिवसांचाच होता ना?