मदत हवी आहे: पाच माणसांची एजन्सी, तीसेक कल्पना, आधी काय करायचं?

जळगाव_डिजिटल
जळगावात छोटी मार्केटिंग एजन्सी आहे, पाच जण. धंदा वाढवायच्या तीसेक कल्पना एक्सेलमध्ये आहेत. सगळ्यांनी मिळून प्रत्येकीला फायदा आणि मेहनत यांचे दहापैकी गुण दिले. आता निम्म्या कल्पना सात-आठवर येऊन बसल्यात. सोमवारी मीटिंग आहे. क्रम कसा लावायचा, लवकर सांगा.

धुळेकर
गुणांत 'खात्री' धरली नाही तुम्ही. शॉन एलिसची आयसीई पद्धत वापरा: परिणाम, खात्री, सोपेपणा. वरच्या पाच घ्या, विषय संपला.

गणिती_काकू
खात्रीचं बरोबर आहे, पण विषय संपत नाही. तिसरा रकाना आला तरी त्यातही सात-आठच पडतील. जळगाव_डिजिटल, वाढ म्हणजे काय हवंय, नवे ग्राहक की हातात उरणारा पैसा? पाच जण कोण कोण? मोकळा वेळ कोणाकडे? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

रावेरचा_केळीवाला
आमचं केळीचं पॅकहाऊस आहे, बॉक्सवर चांगला लोगो पाहिजे. तुमच्याकडे होईल का? दर सांगा.

जळगाव_डिजिटल
केळीवाले भाऊ, मेसेज करतो. काकू, उरणारा पैसा. मी विक्री बघतो, एक डिझायनर, एक व्हिडिओ एडिटर, एक जण मेटा-गुगलच्या जाहिराती चालवते, एक जण मजकूर आणि हिशेब. एडिटर कायम अडकलेला. ग्राहक म्हणजे सराफ, क्लासेस आणि एमआयडीसीतले पाइपवाले. एक ग्राहक महिन्याला साधारण १५,००० देतो, त्यातले ६,००० उरतात.

गणिती_काकू
मग गुण सोडा. मेहनत तासांत लिहा आणि फायदा सहा महिन्यांत उरणाऱ्या रुपयांत. शेवटी तास ज्याला काम करायचंय त्याचेच धरायचे, कल्पना ज्याची त्याचे नाहीत. कल्पना सुचवणाऱ्याला यूट्यूब चॅनल नेहमी दोन तासांचं वाटतं. आकडे प्रत्येकाने एकमेकांचे न बघता लिहावेत. एकाने १० तास लिहिले आणि दुसऱ्याने ६० तर सरासरी काढू नका. दोघांच्या डोक्यात वेगवेगळी कामं आहेत, ते आधी बोला.

तुमच्या आकड्यांवर करून बघा. सोडून गेलेल्या दहा ग्राहकांना फोन आणि त्यांच्या जाहिरातींची छोटी तपासणी, दर ग्राहकामागे दोन तास, म्हणजे तुमचे २०. एक परत आला तर सहा महिन्यांत ३६,०००. खात्री ८० टक्के धरली तर २८,८००, म्हणजे तासाला १,४४०. आता यूट्यूब: आठ व्हिडिओ, दहा-दहा तास, एडिटरचे ८०. तीन ग्राहक आले तरी उशिरा येणार, सरासरी तीन महिने धरा, ५४,०००. कधी केलेलं नाही म्हणून खात्री २० टक्के. १०,८०० भागिले ८०, तासाला १३५. आणि ते तासही अशा माणसाचे, ज्याच्याकडे ते नाहीतच.

धुळेकर
८० आणि २० टक्के तुम्ही हवेतूनच काढलेत ना? मग आयसीईत आणि यात फरक काय?

गणिती_काकू
हवेतूनच. पण यूट्यूबची खात्री ६० केली तरी तासाला ४०५ होतात, क्रम बदलत नाही. अंदाज हलवून क्रम उलटला तरच त्या अंदाजावर वेळ घालवायचा. तुमच्या गुणांत हे तपासता येत नाही, आणि कोणाचे तास खर्च होणार तेही दिसत नाही. वरच्या पाचांपैकी चार एडिटरच्याच गळ्यात पडले तर यादी कागदावरच राहते.

शिरपूरवाला_भो
मन्ही बी हाईच गत व्हती भो! आम्ही वेबसाइट नव्याने करायला घेतली ऐन आखाजीच्या तोंडावर. सराफांच्या जाहिराती तेव्हाच, सगळी टीम तिकडे, वेबसाइट पावसाळ्यापर्यंत अर्धवट. क्लासवाल्यांची गर्दी मे-जूनमध्ये. तेच तास त्या दिवसांत महाग पडतात, हे एक्सेलमध्ये घ्या. आणि ट्रेलो वापरा.

जळगाव_डिजिटल
ट्रेलो आहे, प्रश्न तो नाही. काकू, दरवाढ? चार ग्राहकांना १५ वरून १७ हजार. माझे सहाच तास, सहा महिन्यांत ४८,०००. ही तर पहिलीच यायला हवी.

धुळेकर
हो, लगेच करा.

गणिती_काकू
एक जरी गेला तर? उरलेल्या तिघांकडून ३६,००० वाढले आणि गेलेल्याचे ३६,००० बुडाले. शिल्लक शून्य. अशा कल्पनेला खात्रीने गुणून भागत नाही, तोट्याची बाजू वेगळी मांडावी लागते.

शिरपूरवाला_भो
पण तो जाणारा एडिटरचा निम्मा वेळ खाणारा असला तर? गेला तर बरंच की.

गणिती_काकू
हा मुद्दा खरा आहे. म्हणून आधी चौघांपैकी कोण किती तास खातो ते काढा. सगळ्यांना एकदम सांगू नका. ज्याचा करार आधी संपतो, त्याच्यावर करून बघा.

जळगाव_डिजिटल
करार? तोंडीच आहे सगळं, ओळखीपाळखीतलं.

गणिती_काकू
मग एकतिसावी कल्पना सापडली.

रावेरचा_केळीवाला
मेसेज अजून आला नाही.