पॉनचा लाईट नुसता लुकलुकतोय

"मोडेम बदलला, लॉसचा लाईट बंद आहे, पॉनचा लुकलुकतोय, इंटरनेटचा लाईट नाही. केबल तुटलीय का?"

केबल तुटली असती तर लॉस लाल लुकलुकला असता ना, म्हणजे फायबरमधून उजेड येतोय, फक्त इंटरनेट कंपनीच्या पलीकडच्या मशीनने तुमचा मोडेम अजून ओळखला नाही. आमच्या फोंड्याला मे महिन्यात विजेने मोडेम गेला, नवा लावला तर सेम हेच, दोन दिवस मी उगाच पिवळी वायर काढघाल करत बसलो, शेवटी कळलं की नव्या मोडेमचा सिरीयल नंबर कंपनीने सिस्टिममध्ये घातलाच नव्हता. घातल्यावर पॉन स्थिर हिरवा झाला. तुम्ही आधी मोडेमखालचा तो नंबर कंपनीला वाचून दाखवा. पॉन स्थिर होऊनही इंटरनेटचा लाईट लागला नाही तरच युजरनेम-पासवर्ड बघा.