ड्युओचे निम्मे पैसे आणि सुट्टीचे महिने

"तू स्पॉटिफाय ड्युओ घे, मी निम्मे देत जाईन, त्यात ठरवायचं काय?"

निम्मे मान्य, पण सुट्टीचं आत्ताच ठरवू. ड्युओ म्हणजे एकाच पत्त्यावर राहणाऱ्या दोघांचा प्लॅन, पण त्याचं बिल एकाच्याच खात्यातून, म्हणजे माझ्या, दर महिन्याला आपोआप कापलं जातं. तू मेमध्ये गावी गेलास तरी रक्कम तीच राहते. समजा 200 कापले, तर तुझे 100 सुट्टीतही द्यायचे, कारण गाणी तू घरीही ऐकणारच. पैसे कापल्याचा मेसेज मी पाठवीन, तू तीन दिवसांत यूपीआय कर.

सोडायचं झालं तर पुढचं बिल येण्याच्या आठवडाभर आधी सांग, म्हणजे मला प्लॅन बदलता येईल. तुझं खातं वेगळंच असतं, त्यामुळे प्लेलिस्ट जात नाहीत, फक्त डाउनलोड केलेली गाणी जातात. मात्र एक अट नीट बघ: दुसऱ्या ड्युओत किंवा फॅमिली प्लॅनमध्ये बारा महिन्यांत एकदाच जाता येतं. तुझी ताई तुला तिच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेणार असेल तर आधी तिला विचार, मगच माझं आमंत्रण स्वीकार. आणि पत्ता मी हॉस्टेलचा टाकतोय, तूही अगदी तोच टाक, घरचा नको.