शब्दचर्चा: ‘पब्लिक ट्रस्ट डॉक्ट्रिन’ला मराठीत काय म्हणावे?

मेघना
किनारपट्टीवरील ग्रामपंचायतींसाठी तयार होत असलेल्या एका कायदेविषयक पुस्तिकेचे मराठी भाषांतर मी करीत आहे. नदी, तळे, वाळूचा किनारा, वन अशा गोष्टी शासनाच्या नावावर असल्या तरी शासनाने त्या जनतेच्या वतीने सांभाळायच्या असतात आणि वाटेल त्याला देऊन टाकायच्या नसतात, हे तत्त्व तिच्यात वारंवार येते. मसुद्यात मी त्यासाठी ‘सार्वजनिक न्यास तत्त्व’ असे लिहिले आहे आणि पहिल्याच पानावर ‘शासन किनाऱ्याचे मालक नाही, विश्वस्त आहे’ असे वाक्य आहे. हा शब्द योग्य आहे का, आणि ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

श्रीपाद
‘सार्वजनिक न्यास’ हा शब्द नेमका आहे, पण मग नोंदणीचे काय? मी गावच्या देवस्थानाचा विश्वस्त आहे. आमच्याकडे न्यासाची नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि जागा विकायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी, हे सारे १९५० च्या अधिनियमाप्रमाणे करावे लागते. किनारा जर सार्वजनिक न्यास असेल, तर त्याचा बदल अर्ज कोणी भरायचा आणि परिशिष्टावर मिळकत कोणाच्या नावे लावायची, हेही पुस्तिकेत सांगायला हवे.

ॲड. सदानंद, पणजी
श्रीपादराव, तुम्ही जे वर्णन केले ती नोंदणीकृत संस्था झाली. मेघनाताईंचा विषय तो नाही. इथे न्यासपत्र नाही, विश्वस्त मंडळ नाही आणि धर्मादाय आयुक्तांचा संबंधही येत नाही. शासनाचे स्थान विश्वस्तासारखे आहे असे न्यायालयाने मानले आणि त्या स्थानातून शासनावर काही बंधने येतात असे सांगितले, एवढाच याचा अर्थ. मात्र तुमच्या शंकेमुळे एक गोष्ट दिसून आली. महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘सार्वजनिक न्यास’ म्हटले की देवस्थान आणि शिक्षणसंस्था आठवणार. म्हणून मी ‘सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व’ असे लिहीन. ‘न्यास’ म्हणताच संस्था डोळ्यांपुढे येते, तर ‘विश्वस्तता’ म्हणजे एक नाते आणि त्यातून येणारे कर्तव्य.

आता ‘मालक नाही’ या शब्दांविषयी. ते मी तसे ठेवणार नाही, पण त्याचे कारण सांगण्याआधी ज्या खटल्यामुळे हे तत्त्व आपल्याकडे रुजले तो पाहावा लागेल. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एक मोटेल होते. त्याने शेजारच्या वनजमिनीवर हातपाय पसरले होते आणि २७ बिघे १२ बिस्वे इतकी ती जमीन पुढे १९९४ मध्ये त्याला रीतसर पट्ट्याने देण्यात आली. सप्टेंबर १९९५ च्या पुरात बांधकामाला धोका निर्माण झाला, तेव्हा यंत्रे लावून नदीचा प्रवाहच दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न झाला. वृत्तपत्रात ही बातमी आली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ या नावाने ओळखला जाणारा निकाल न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी डिसेंबर १९९६ मध्ये दिला.

त्या निकालात नुसता उपदेश नव्हता. पट्टा रद्द झाला, जमीन राज्याने ताब्यात घेऊन मूळ स्थितीत आणावी असे ठरले, आणि त्याचा खर्च मोटेलवर टाकला गेला. खोल्यांपासून नदीच्या बाजूला चार मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता कुंपणभिंत बांधावी आणि तिच्या पलीकडे नदीपात्राला हात लावू नये, असाही आदेश होता. पट्टा देताना कागदोपत्री केंद्राची मान्यता होती, तरीही तो टिकला नाही, हे लक्षात घ्या. ‘परवानगी होती का’ या प्रश्नावर न्यायालय थांबले नाही. ‘अशी परवानगी देण्याचा अधिकार विश्वस्ताला होता का’ असे त्याने विचारले. भाषांतरात ‘विश्वस्त’ हाच शब्द का हवा, ते यावरून ध्यानात येईल. ‘पालक’ किंवा ‘राखणदार’ लिहिले तर हा दुसरा प्रश्न विचारताच येत नाही.

रोहिणी
मला वाटते, हे सोप्या शब्दांत सांगता येईल. विश्वस्त म्हणजे स्वतःच्या मर्जीने न देता लिलाव करून सर्वाधिक किंमत मिळवणारा. टू-जी प्रकरणात फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने याच कारणासाठी रद्द झाले होते. तेव्हा ‘नैसर्गिक संपत्तीचे वाटप लिलावानेच करणे बंधनकारक’ असे वाक्य पुस्तिकेत घालावे.

ॲड. सदानंद, पणजी
रोहिणीताई, टू-जीच्या निकालात हे तत्त्व आधाराला घेतले होते, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी सल्ल्यासाठी पाठवलेल्या प्रश्नांवर मत देताना पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लिलाव हा प्रत्येक नैसर्गिक संपत्तीसाठी घटनेने लादलेला एकमेव मार्ग नाही, असे स्पष्ट केले. वाटप मनमानी नसावे आणि जनहितासाठी असावे, एवढी अट कायम राहिली. दुसरे असे की किनारा आणि नदीपात्र यांच्या बाबतीत किमतीचा मुद्दा मुळातच दुय्यम आहे. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांनी १९७० मध्ये या तत्त्वाची तीन बंधने मांडली आणि बियासच्या निकालाने ती उद्धृत केली. संपत्ती सार्वजनिक प्रयोजनासाठी वापरली जावी आणि सामान्य जनतेला खुली असावी, योग्य मोबदला मिळत असला तरी ती विकू नये, आणि ती विशिष्ट प्रकारच्या वापरांसाठी राखावी, अशी ती बंधने आहेत. यातील दुसरे पाहा. भाव उत्तम मिळाला म्हणून विश्वस्ताची सुटका होत नाही.

मेघना
‘मालक नाही’ याविषयी आपण पुढे सांगणार होता. पुस्तिकेचा मसुदा तपासणाऱ्या सदस्यांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० दाखवून तेच विचारले होते. नदीपात्र, खाडी, तळे, ज्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, ती सर्व राज्य शासनाची मालमत्ता आहे असे तिथे लिहिलेले असताना आपण ‘मालक नाही’ कसे म्हणणार?

ॲड. सदानंद, पणजी
त्यांचा आक्षेप रास्त आहे. विश्वस्ताच्या कल्पनेत मालकी नाहीशी होत नाही. ती विश्वस्ताकडेच असते, फक्त तिचा उपभोग दुसऱ्यासाठी राखलेला असतो. तेच कलम २० पूर्ण वाचले तर जिल्हाधिकाऱ्यांना अशा जमिनीची विल्हेवाट लावण्याचा अधिकार देतानाच, जनतेचे आणि व्यक्तींचे वहिवाटीचे व इतर कायदेशीर हक्क अबाधित ठेवण्याची अट घातलेली दिसते. म्हणून ‘शासन मालक असले तरी ती मालकी जनतेसाठी धारण केलेली आहे’ असे काही लिहा. थोडे लांब होईल, पण न्यायालयात उभे राहील.

दत्तात्रय
आमच्या गावच्या तळ्याचा अर्धा भाग भराव टाकून बुजवला आहे आणि तिथे गाळे काढण्याचा ठराव होतो आहे. सातबारावर ते तळे ‘सरकार’ असेच लागलेले आहे. गुरे तिथेच पाण्याला जात. हे तत्त्व आम्हाला उपयोगी पडेल का? शब्द कुठलाही ठेवा, पण तळे परत मिळेल का ते सांगा.

ॲड. सदानंद, पणजी
दत्तात्रयभाऊ, तुमच्या परिस्थितीशी बऱ्यापैकी जुळणारे प्रकरण तिरुपतीचे आहे. अविलाला आणि पेरुरु या दोन जुन्या तळ्यांच्या जमिनी घरबांधणीसाठी दिल्या गेल्या आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्ततेच्या तत्त्वाने ते चुकीचे ठरवले. मात्र तोवर जे बांधून झाले होते ते पाडायला लावले नाही. नव्या बांधकामाला मनाई झाली आणि पावसाचे पाणी साठवण्याची कामे करायला सांगितली गेली. म्हणजे उशीर झाला की दिलासा कमी होतो. गाळे उभे राहण्यापूर्वी ठरावाची प्रत, जुना गावनकाशा आणि भरावाची तारखेसह छायाचित्रे हाती ठेवा, आणि २०११ चा ‘जगपाल सिंग’ निकालही वाचा. पंजाबमधल्या एका गावतळ्यावरील अतिक्रमणाचाच तो खटला आहे आणि गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात असे त्यात सांगितले आहे. तुमच्या तळ्याचे नेमके काय होईल, ते मात्र कागद पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

रोहिणी
मेघनाताई, ज्यांच्यासाठी संपत्ती राखायची त्यांना तुम्ही ‘लाभार्थी’ म्हटले आहे का? मला तो शब्द खटकतो. शासनाच्या योजनेतला लाभार्थी यादीत नाव आले तर मिळेल ते घेतो. विश्वस्ताकडे हिशेब मागणारा माणूस वेगळा.

मेघना
‘लाभार्थी’ असेच लिहिले होते, आणि आपले म्हणणे पटले. कायद्याच्या मराठीत ‘हिताधिकारी’ हा शब्द रूढ आहे आणि त्यात ‘अधिकार’ उघड दिसतो. सदानंद सर, गोव्याच्या वाचकांसाठी किनाऱ्याचे एखादे उदाहरण देता येईल का?

ॲड. सदानंद, पणजी
उदाहरण आहे, पण ते अर्धेच सांगितले तर पुस्तिका लोकांची दिशाभूल करील, म्हणून पूर्ण सांगतो. दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर एका हॉटेलसाठी शासनाने भूसंपादन केले आणि लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट खुली राहील अशी अट १९८३ च्या करारात होती. पुढे वाढीव बांधकामाने ती वाट अडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते बांधकाम पाडण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २००९ मध्ये ‘फोमेन्तो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्तिन्स’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जनतेच्या हक्काला बाधा येत असेल तर विश्वस्ताला अशी संपत्ती खासगी हाती देता येत नाही, हे तिथे ठळकपणे म्हटले आहे.

बहुतेक लेख इथेच थांबतात. प्रत्यक्षात त्याच वर्षी गोव्यात भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करण्यात आली. त्यामुळे निकालाचा आधारच बदलला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मला हे फार खुपते. मंत्री किंवा जिल्हाधिकारी मर्यादा ओलांडतात तेव्हा हे तत्त्व धारदार असते, पण विधिमंडळानेच कायदा बदलला की त्याची धार बोथट होते. आपल्याकडे ते न्यायालयांनी घटनेतील कलम २१ आणि मार्गदर्शक तत्त्वे यांच्याशी जोडून घेतले आहे. विधिमंडळाला ते कुठवर बांधते, यावर माझ्या ओळखीच्या वकिलांचेही एकमत नाही.

श्रीपाद
मग ‘विश्वस्त’ म्हणणे तरी कितपत खरे? आमच्या देवस्थानाच्या विश्वस्तांना न्यासाची घटना बदलून देवाची जमीन स्वतःच मोकळी करता येत नाही. त्यांच्यावर आयुक्त असतो.

ॲड. सदानंद, पणजी
श्रीपादराव, या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. इथे आयुक्ताच्या जागी न्यायालय आहे, आणि ते कायदा घटनेच्या चौकटीत आहे की नाही एवढेच पाहू शकते.

मेघना
मसुद्यात ‘सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व’ आणि ‘हिताधिकारी’ हे शब्द घेत आहे. पहिल्या पानावरचे वाक्य आता असे केले आहे: ‘किनारा शासनाच्या नावावर असला तरी शासन तो जनतेसाठी विश्वस्त म्हणून धारण करते, आणि जनतेची वाट किंवा वापर बंद होईल अशा रीतीने तो कोणालाही देण्याचा अधिकार शासनाच्या अधिकाऱ्यांना नाही.’ वायंगिणीचे प्रकरण २०१६ च्या निकालासह देईन. ‘अधिकाऱ्यांना’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. विधिमंडळाविषयी वेगळा परिच्छेद लिहिला की तो इथे दाखवीन.

दत्तात्रय
गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढायला दिला आहे. ठरावाची प्रत ग्रामसेवक देत नाहीत, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज करतो आहे.